रोजच्या फुलपुडीची महिन्याची वर्गणी: दर कसा धरायचा, खाडा कसा कापायचा

फाटकाच्या कडीला तीन पुड्या लटकत होत्या. सोमवारची सुकली होती, मंगळवारचा जास्वंद काळा पडून कर्दळीच्या पानाला चिकटला होता, आणि बुधवारची ताजी पुडी फुलं वाटणाऱ्या आमच्या पोरानं त्यांच्याच शेजारी अडकवली होती. घरची मंडळी लग्नाला कोल्हापूरला गेली होती आणि आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. महिनाअखेरीला त्या घरच्या वैनी म्हणाल्या, "दूधवाला खाडा कापतो, मग तुम्ही का नाही कापणार?" माझ्याकडं उत्तर नव्हतं, कारण मी नियमच ठरवला नव्हता. चार दिवसांचे पूर्ण पैसे सोडले आणि त्या रात्री वही घेऊन बसलो.

बेळगावात शहापूर, वडगाव, खासबाग या पट्ट्यात रोज सकाळी पूजेची फुलं घरपोच देण्याचं काम मी करतो. हाच धंदा सुरू करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. चकली-चिवड्याची महिन्याची वर्गणीही चालते, पण खायच्या जिनसांना एफएसएसएआयची नोंदणी लागते आणि माल टिकाऊ असल्यामुळं तिथं खाड्याचा प्रश्न फारसा येत नाही. आठवडा चुकला तर पुढच्या आठवड्यात दोन पाकिटं दिली की झालं. फुलांचं तसं नाही. आजची पुडी उद्या शिळी होते आणि शिळं फूल देवाला चालत नाही. म्हणून वर्गणीचं सगळं गणित फुलांत जास्त कडक आहे. ताज्या फुलांवर जीएसटी नाही, तेवढी एक कटकट कमी.

आधी गल्ली, मग गिऱ्हाईक

पहिली चूक बहुतेकांची एकच असते. ओळखीच्या लोकांना फोन करतात आणि दोन घरं टिळकवाडीत, एक अनगोळात, तीन वडगावात असा पसारा होतो. पूजा सात-साडेसातला होते आणि फुलं त्याआधी पोचायला हवीत. फाटकापाशी थांबणं, पिशवी बदलणं आणि पुढचं घर गाठणं याला मिळून दोन मिनिटं धरली, तर चाळीस घरांना ऐंशी मिनिटं लागतात. पण हे जवळजवळच्या तीन-चार गल्ल्यांत. घरं विखुरली की तेवढ्याच वेळात पंधरा घरंही होत नाहीत. म्हणून एक गल्ली धरा आणि तिथं दहा घरं होईपर्यंत दुसरीकडं जाऊ नका. गल्लीत एका फाटकाला रोज पुडी दिसली की शेजारच्या काकू आपणहून विचारतात.

तुमचा खरा स्पर्धक दुसरा फूलवाला नसतो. पहाटे काठी आणि पिशवी घेऊन फिरायला निघालेले, दुसऱ्याच्या कंपाउंडवरून लोंबणारा जास्वंद तोडणारे आजोबा असतात! ज्या घरात असे आजोबा आहेत ते घर पावसाळ्यात वर्गणी घेतं आणि दिवाळीनंतर सोडतं. मनाला लावून घेऊ नका.

घर जोडताना पहिला प्रश्न पैशांचा नको. "देवघरात कोण कोण आहेत?" असं विचारा. गणपती असेल तर दूर्वा आणि तांबडं फूल, विठोबा किंवा बाळकृष्ण असेल तर तुळस, महादेव असेल तर बेल. महादेवाला केवडा चालत नाही आणि गणपतीला तुळस वाहत नाहीत. लिंगपूजेच्या घरी "पत्री पाहिजे" म्हणाले तर त्यांना बेल हवा असतो. आपण पत्री म्हणजे गणपतीच्या वेळची सगळी पानं समजतो, तिथं घोटाळा होतो. हे सगळं वहीत घराच्या नावापुढं लिहून ठेवा. गिऱ्हाईक टिकतं ते यावर. पुडीत दोन फुलं कमी निघाली तर माणसं खपवून घेतात, पण सोमवारी बेल विसरला तर तो वर्षभर ऐकवतात.

पुडीत काय आणि किती

माझी रोजची पुडी साधारण 40 ग्रॅम सुट्या फुलांची असते. शेवंती, झेंडू, एक-दोन गुलाब, मिळेल तेव्हा निशिगंध, आणि त्या घरच्या देवाप्रमाणं दूर्वा, बेल किंवा तुळस. माळ किंवा गजरा पुडीत नाही, तो वेगळा. माळ मापण्याच्या भाषेत गोंधळ होतो हेही लक्षात ठेवा. कानडी बोलणारी अक्का ‘मोळ’ म्हणते तेव्हा कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचा हात, आणि ‘मारू’ म्हणते तेव्हा दोन्ही हात पसरून होणारी वाव. मोळाचा दर सांगून मारूची माळ द्यावी लागली की दिवसाची कमाई गेली.

पावसाळ्यात वजनावर विसंबू नका. भिजलेला झेंडू पाण्यानं जड होतो आणि किलोमागं तुम्ही पाण्याचे पैसे मोजता. बाजारात फूल उचलून देठाजवळ बोटांनी दाबायचं. पाणी सुटलं आणि कुबट वास आला तर ते फूल दुपारपर्यंतही तग धरत नाही. जून ते सप्टेंबर मी झेंडू कमी करून शेवंती वाढवतो आणि पुडी मोजून भरतो, तोलून नाही. वर्गणीदाराला ‘40 ग्रॅम’ असा शब्द देऊच नका. ‘दहा-बारा फुलं आणि पत्री’ असं सांगा.

पुडी बांधायला केळीचं किंवा कर्दळीचं पान आणि दोरा. प्लॅस्टिकच्या पिशवीत फुलांना घाम सुटतो आणि दोन तासांत पाकळ्या तपकिरी होतात. शिवाय कर्नाटकात 2016 पासून प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आहे. मी प्रत्येक घराला दोन कापडी पिशव्या देतो. रात्री रिकामी पिशवी फाटकाला अडकवायची, सकाळी भरलेली मिळते. पिशवीची नाडी आखूड ठेवा आणि ती उंच अडकवा, नाहीतर पुडी गाईच्या पोटात जाते आणि गिऱ्हाईक म्हणतं, आज फुलं आलीच नाहीत.

दर कसा धरायचा

खालचे आकडे माझ्या वहीतल्या साध्या दिवसांच्या सरासरीचे आहेत. तुमच्या बाजारातला भाव घालून हेच गणित पुन्हा करा, रीत तीच राहील.

मिश्र फुलांचा भाव किलोला 100 रुपये धरला तर 40 ग्रॅमचे 4 रुपये होतात. पण घेतलेल्या फुलांतला पाचवा भाग मुका, तुटका किंवा डागी निघतो, म्हणजे 40 ग्रॅम द्यायला 50 ग्रॅम घ्यावी लागतात. ते झाले 5 रुपये. दूर्वा, बेल, तुळस यांचा 1 रुपया, पान आणि दोरा 1 रुपया. एका पुडीतला माल 7 रुपयांचा.

आता न दिसणारा खर्च. फुलं वाटणाऱ्या पोराला महिन्याला 3,000 रुपये. चाळीस घरं आणि तीस दिवस म्हणजे 1,200 पुड्या, तेव्हा पुडीमागं अडीच रुपये. बाजार आणि फेरी मिळून स्कूटर रोज 14 किलोमीटर फिरते, त्याचं पेट्रोल आणि थोडी डागडुजी पुडीमागं 1 रुपया. आणि पहाटे साडेचारला उठून फूलबाजार गाठणं, निवडणं, बांधणं ही माझी मजुरी. ती महिन्याला 6,000 धरली, म्हणजे पुडीमागं 5 रुपये. ही मजुरी न धरताच दर काढणारे सहा महिन्यांत थकून धंदा सोडतात. एकूण झाले साडेपंधरा.

त्यात सणांची भर घाला. श्रावणातले शुक्रवार, त्यात वरमहालक्ष्मीचा खास, मग गणपती, नवरात्र, दसरा, लक्ष्मीपूजन, मार्गशीर्षातले गुरुवार. वर्षातले चाळीसेक दिवस फुलांचा भाव दुप्पट-तिप्पट असतो. त्या दिवशी पुडीतल्या फुलांना 5 ऐवजी 15 रुपये पडले, तर जादा 10 रुपये. चाळीस दिवसांचे 400, म्हणजे महिन्याला 33 रुपये, म्हणजे रोजचा 1 रुपया 10 पैसे. बेरीज 16 रुपये 60 पैसे, आणि महिन्याचे 498.

इथं हात लगेच पाचशेकडं वळतो, कारण पाचशेची नोट सोपी. तेवढ्यावर थांबलात तर खाडे आणि बुडवे खातेदार तुमच्या मजुरीतून जातात. मी 540 लावतो, म्हणजे दिवसाला 18. वरचे चाळीस रुपये त्याच दोन खड्ड्यांसाठी आहेत. दर वर्षभर एकच ठेवा. सणाला दर वाढवणारा फूलवाला बाजारातही भेटतो. तुमच्याकडं लोक येतात ते रोज पहाटे भावाची घासाघीस नको म्हणून. फक्त हार, तोरण, दसऱ्याचा झेंडू आणि गणपतीची 21 पत्री हे वर्गणीत नाही, वेगळं मागवायचं, हे पहिल्याच दिवशी सांगा.

"आम्हाला सोमवार, गुरुवार, शुक्रवारच पाहिजे" असं म्हणणारी घरं भेटतीलच. महिन्यात असे तेरा दिवस पडतात, आणि तेरा गुणिले अठरा करून 234 सांगण्याचा मोह होतो. सांगू नका. पोराचा पगार तीस दिवसांचाच आहे आणि गुरुवार-शुक्रवारचा भावही चढा असतो. वारांच्या पुडीत फुलं थोडी जास्त घालून मी 350 घेतो. फरक कमी दिसला की निम्मी घरं रोजच्याच पुडीवर येतात.

चाळीस घरं होईपर्यंत हे गणित जमत नाही. वीस घरांना पोराचा पगार पुडीमागं पाच रुपयांवर जातो. म्हणून पंचवीस घरं होईपर्यंत पोरगं ठेवू नका, फेरी स्वतः मारा.

खाडा: दुधाचा नियम फुलाला का लागत नाही

दूधवाला न घेतलेल्या दिवसाचे पूर्ण पैसे कापतो, कारण उरलेलं दूध तो दुसऱ्याच्या भांड्यात ओततो. फुलाच्या पुडीत माल 7 रुपयांचा आणि बाकी सगळं येण्या-जाण्याचं. गिऱ्हाईक गावाला गेलं तरी पोरगं त्याच्या फाटकावरूनच पुढं जातं आणि पेट्रोल तेवढंच जळतं. आदल्या दिवशी कळलं तर माझे वाचतात 7 रुपये. सकाळी कळलं तर काहीच वाचत नाही, कारण फुलं घेऊन झालेली असतात.

मे महिन्याचं उदाहरण घ्या. चाळीसपैकी पंधरा घरं दहा-दहा दिवस कोकणात, माहेरी, नाहीतर नरसोबाच्या वाडीला. 150 खाडे झाले. दर खाड्याला पूर्ण 18 कापले तर वाचलेले 7 वजा जाऊन माझ्या पदरचे 11 जातात, एकूण 1,650. म्हणजे महिन्याच्या मजुरीतला पाव भागाहून जास्त. खाड्याला 10 रुपये कापले तर पदरचे 3 जातात, एकूण 450. त्याची सोय वरच्या चाळीस रुपयांतून होते आणि गिऱ्हाईकालाही आपल्याला काहीतरी परत मिळालं असं वाटतं.

म्हणून माझे नियम असे, आणि ते छापलेल्या कार्डावर आहेत, एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला कानडीत:

"महिन्याची वर्गणी 540 रुपये, 1 ते 5 तारखेत आगाऊ. गावाला जाणार असाल तर आदल्या रात्री 8 पर्यंत कळवा. सलग तीन किंवा जास्त दिवसांचा खाडा असेल तर दिवसाला 10 रुपये पुढच्या महिन्यात वळते होतील. एक-दोन दिवसांचा किंवा न कळवलेला खाडा कापला जाणार नाही. आमच्याकडून फुलं चुकली तर त्या दिवसाचे पूर्ण 18 रुपये आम्ही देऊ. वर्गणी केव्हाही बंद करता येते."

रात्री आठच का? मी साडेआठला दुसऱ्या दिवशीची फुलं किती घ्यायची ते ठरवतो आणि झोपतो. व्हॉट्सअॅपवर पहाटे पाचला "आज नको" आलं तर ते मी बाजारातून परतल्यावरच वाचतो. पहिल्या दोन महिन्यांत लोक आठची वेळ पाळत नाहीत. एकदा सोडा, पण सोडताना सांगा की सोडलं. सांगितलं नाही तर तोच नियम होऊन बसतो.

‘आमच्याकडून चुकली तर 18’ हे कलम कुणी मागितलं नव्हतं, मीच घातलं. आपली चूक स्वस्तात आणि गिऱ्हाईकाची महागात असं दिसलं की भांडण होतं. शिवाय त्या अठराच्या धाकानं पोरगंही घर विसरत नाही.

सूतक

हा खाडा वेगळा आहे आणि त्याला रात्री आठची वेळ लावायची नाही. घरात कुणी गेलं की पूजा थांबते, दहा-तेरा दिवस फुलं नको असतात, आणि त्या गडबडीत फूलवाल्याला फोन कुणी करत नाही. कळतं ते गल्लीतूनच. दारापुढची गर्दी पाहून पोरगं येऊन सांगतं, किंवा शेजारचे मामा सांगतात. त्या दिवसापासून पुडी बंद करा, दिवसाला पूर्ण 18 वळते करा आणि पैशांचा विषय आपणहून काढू नका. बाळ झाल्याच्या सोयरालाही मी हाच नियम लावतो.

पण स्वतःच्या मनानं सगळीकडं पुडी बंद करू नका. ही चूक मी केली आहे. एका घरी आजी वारल्या आणि मी फुलं थांबवली. चौथ्या दिवशी मुलगा दुकानात आला, "मामा, पत्री का बंद केली?" लिंगायत घर होतं. लिंगधारण केलेल्यांच्या परंपरेत सूतक मानत नाहीत, इष्टलिंगाची पूजा रोज चालू असते, आणि मी नेमक्या त्याच दिवसांत त्यांची पूजा अडवली होती. तेव्हापासून शेजाऱ्याकरवी एकच प्रश्न विचारून घेतो, "फुलं चालू ठेवायची की थांबवायची?" पुन्हा कधी सुरू करायची ते घरची मंडळीच सांगतात. तेरावा मोजत बसून पुडी अडकवायला जाऊ नये.

पैसे आणि बंद होणारी खाती

वर्गणी आगाऊ घ्या. महिनाअखेर घेतली तर तीन महिन्यांत चार-पाच घरं मागं पडतात आणि रोज फुलं देताना मागायला संकोच वाटतो. 15 तारखेला कुणी जोडलं तर उरलेल्या दिवसांचे 18 प्रमाणे घ्या आणि पुढच्या 1 तारखेपासून सगळ्यांच्या रांगेत आणा. चाळीस घरांच्या चाळीस तारखा सांभाळता येत नाहीत. यूपीआयचा क्यूआर कार्डावरच छापा, आणि आजी रोख देतात त्यांच्या कार्डावर सही करून द्या. खात्यातून आपोआप पैसे कापून घेण्याची सोय असते, पण ती पेमेंट कंपनीमार्फत घ्यावी लागते, आणि दर महिन्याला कापण्याआधी 24 तास गिऱ्हाईकाला सूचना जाते. ती सूचना वाचून माणसाला वर्गणी बंद करायची आठवण होते! चाळीस घरांना वहीच बरी.

5 तारखेपर्यंत आलेले वीस हजार आपले नाहीत हे डोक्यात पक्कं ठेवा. महिना संपेपर्यंत ती फुलांची उधारी आहे. 10 तारखेला कुणी खातं बंद केलं तर वीस दिवसांचे 360 परत द्यायचे असतात, आणि त्या दिवशी ते जवळ नसतील तर गल्लीभर होतं. मी आलेल्या पैशातले दहा टक्के वेगळ्या डब्यात ठेवतो. बंद करणाऱ्याला राहिलेल्या दिवसांचे पूर्ण 18 प्रमाणे, तीन दिवसांच्या आत, ज्या नंबरवरून आले त्याच नंबरवर देतो. कारण विचारतो, पण एकदाच.

काही घरं बंद करत नाहीत, नुसती गप्प होतात. 5 तारीख उलटते, पैसे येत नाहीत, पिशवी मात्र रोज फाटकाला असते. त्यांना 6 तारखेला पिशवीत कार्ड, 8 ला फोन, आणि 10 ला पुडी बंद. तोवरच्या नऊ दिवसांत माझा माल गेलेला असतो 63 रुपयांचा. त्याहून जास्त अडकू देत नाही. पिशवीच दिसत नसेल तर लगेच बुडवलं असं धरू नका. पावसात भिजली म्हणून वाळत घातलेली असते, नाहीतर भाजीला गेलेली असते. माझ्या ऐंशी पिशव्यांपैकी वर्षाला वीसेक अशाच शनिवारच्या बाजारात दिसतात.